खिडकीपासून तीन फूट, भिंतीपासून तीन फूट

फोनवर स्वतःचा बोलतानाचा व्हिडिओ काढायचा म्हटलं की बहुतेक घरांत आधी खोलीतले सगळे दिवे लागतात. ट्यूबलाइट, कोपऱ्यातला बल्ब, असलाच तर रिंगलाइट. मग खुर्ची भिंतीला टेकवायची, फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवायचा आणि बोलायला लागायचं. नंतर पाहताना डोळ्यांखाली काळं दिसतं, कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर डोक्याची सावली चिकटलेली असते. खापर फुटतं फोनवर. पण हे तिन्ही दोष बहुतेक वेळा दोन अंतरांमुळे येतात: आपण खिडकीपासून किती लांब बसलो आणि मागच्या भिंतीपासून किती लांब बसलो.

ट्यूबलाइट असते डोक्यावर. उजेड वरून पडला की भुवया डोळ्यांवर सावली धरतात आणि नाक ओठांवर. खिडकीचा उजेड बाजूने, साधारण चेहऱ्याच्या उंचीवर येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत पोचतो. दुसरं म्हणजे खिडकी मोठी असते. दिवा जितका मोठा आणि जवळ, तितक्या त्याने पडणाऱ्या सावलीच्या कडा पुसट होतात. यालाच छायाचित्रकार सॉफ्ट लाइट म्हणतात. इवलासा एलईडी बल्ब कितीही प्रखर असला तरी त्याची सावली कापल्यासारखी धारदारच पडणार. याची खात्री करायला कॅमेराही लागत नाही. जिथे बसणार आहात तिथे एक पांढरा कागद धरा आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर हाताचा पंजा आणा. कागदावर पाचही बोटं स्वच्छ मोजता आली तर उजेड कडक आहे. बोटांच्या जागी नुसता धूसर डाग दिसला, तर चेहऱ्यावरही तो तसाच हळुवार पडेल.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणू. दहा बाय बाराची, पूर्वेच्या १२ फुटी भिंतीच्या मधोमध चार फूट रुंद खिडकी, आणि दक्षिणेची भिंत मोकळी. खुर्ची दक्षिणेच्या भिंतीपासून तीन फूट पुढे आणि खिडकीच्या भिंतीपासून तीन फूट आत ठेवायची. तोंड उत्तरेला. अशा बैठकीत खिडकीचा मध्य आपल्यापासून तीन फूट पुढे आणि तीन फूट उजवीकडे येतो, म्हणजे उजेड चेहऱ्यावर ४५ अंशांतून पडतो. फोन आपल्यासमोर चार फुटांवर, भिंग डोळ्यांच्या उंचीला. खिडकी नेमकी पाठीमागे आली की फोन बाहेरच्या आभाळाकडे बघून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. खिडकी अगदी समोर ठेवली तर चेहरा उजळतो, पण सपाट दिसतो, कारण नाक-गालांचा उंचसखलपणा दाखवणारी सावलीच उरत नाही. ४५ अंशांत दोन्ही साधतं.

तीन फूटच का? खिडकीपासून सरकत गेलं की उजेड वाटतो त्यापेक्षा वेगाने कमी होतो. चार फूट रुंद आणि तितक्याच उंच खिडकीच्या थेट समोर बसलं तर तीन फुटांवर जेवढा उजेड मिळतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश सहा फुटांवर उरतो. आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, ते जुळवून घेतात. फोनचा सेन्सर मात्र नखाएवढा. उजेड कमी पडला की तो सिग्नल वाढवतो, मग चित्रात दाणे येतात, आणि ते दाणे पुसायला सॉफ्टवेअर पुढे सरसावलं की चेहरा मेणाचा दिसू लागतो. व्हिडिओ मळकट दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. सेल्फी कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा आणखी लहान असतो, म्हणून मागचा कॅमेरा वापरावा. त्याची काच आधी सुती कापडाने पुसावी. बोटाचा तेलकट डाग असला की खिडकीचा उजेड त्यावर पसरतो आणि सगळ्या चित्रावर धुकं येतं.

आता भिंतीचं. उजेड ४५ अंशांत असला की भिंतीपासून आपण जितके फूट पुढे, तितके फूट आपली सावली बाजूला सरकते. एक फुटावर बसलं तर ती कानाशेजारीच दिसते. तीन फुटांवर बसलं तर तीन फूट बाजूला जाते. फोन उभा असेल तर चौकटीच्या बाहेरच. आडव्या चौकटीत ती जागा आत येते, पण एवढ्या अंतरात मोठ्या खिडकीची सावली इतकी पसरते की वेगळी ओळखू येत नाही. शिवाय भिंत खिडकीपासून आपल्यापेक्षा लांब गेल्याने तिच्यावर उजेड कमी पडतो. चेहरा उजळ, भिंत त्याहून किंचित गडद, असं झालं की माणूस भिंतीपासून सुटा दिसतो.

भिंत साधी म्हणजे पांढरीशुभ्रच हवी असं नाही. उलट पांढरी भिंत फोनला फसवते. सगळं दृश्य मिळून मध्यम राखाडी दिसावं, असा फोनचा हिशेब असतो. चौकटीत पांढरं जास्त दिसलं की तो एकूण उजेड खाली आणतो, आणि सावळा चेहरा आणखी सावळा होतो. फिकट राखाडी, फिकट निळी किंवा बदामी भिंत सोपी पडते. भिंत पांढरीच असेल तर फोनच्या पडद्यावर आपल्या चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरायचं. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बऱ्याच अँड्रॉइड फोनांत कुलपाची खूण येते. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं आणि कपाळावरचा उजळ भाग पांढराफटक होण्याआधी थांबायचं. एकटेच असाल तर खुर्चीवर कुणाला तरी बसवून हे कुलूप लावावं. त्यामुळे बोलताना हात हलला किंवा मान वळली तरी चित्र मधूनच उजळ-अंधारं होत नाही.

रंगाच्या बाबतीत मागच्या भिंतीपेक्षा बाजूची भिंत जास्त त्रास देते. आपल्या खोलीत पश्चिमेची भिंत पोपटी असेल, तर खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून डाव्या गालावर पोपटी होऊन येतो. तीच गोष्ट खिडकीच्या रंगीत काचेची आणि पडद्याची. हिरवट काच असलेलं स्लायडिंग सरकवून टाकावं, रंगीत पडदा बाजूला करावा. ऑइलपेंट मारलेली भिंत मागे असेल तर तिच्यावर खिडकीचा चकचकीत पट्टा उमटतो. फोन हात-दीड हात बाजूला सरकवला की तो बहुधा चौकटीबाहेर जातो. आणि खोलीतले सगळे दिवे बंद. पिवळसर बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की फोनला दोघांना एकाच वेळी न्याय देता येत नाही. एक गाल नारिंगी, दुसरा निळसर होतो, आणि एडिटिंगमध्ये एक सुधारला की दुसरा बिघडतो.

डावा गाल फारच अंधारात वाटला तर त्या बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, थर्मोकोलचा दोन बाय तीन फुटांचा पांढरा तक्ता उभा करायचा. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली पांढरी चादरही चालते. तक्ता गालापासून दोन फुटांवर आणला की सावली उजळते, चार फुटांवर नेला की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. सावली पूर्ण घालवायची नाही. डाव्या डोळ्यातली बाहुली स्पष्ट दिसली की पुरे. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर काड्या कानांवर किंचित उचलून धराव्यात. काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक कॅमेऱ्यापर्यंत येत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. खिडकीतून ऊन थेट आत येत असेल तर वरचं सगळं गणित मोडतं, कारण मग दिवा खिडकी नसून लांबचा लहानसा सूर्य असतो. ग्रिलचे गज चेहऱ्यावर काळे पट्टे होऊन उमटतात. आपल्या पूर्वेच्या खिडकीत दुपारी बारानंतर फक्त आभाळाचा उजेड उरतो, तेव्हा चित्रीकरण करावं. पश्चिमेची खिडकी दुपारच्या आधी वापरावी. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात बराच वेळ ऊन येतं. चित्रकार पूर्वापार उत्तरेचा उजेड पसंत करत आले आहेत, पण ती पसंती युरोपातली. महाराष्ट्रात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. वेळ बदलणं शक्य नसेल तर संपूर्ण खिडकीवर पातळ पांढरं मलमल किंवा जुनं धोतर ताणून बांधावं. ऊन कापडावर पडतं आणि अख्खं कापडच दिवा होतं.

पावसाळ्यात उजेड मऊ असतो, पण टिकत नाही. ढग सरकला की दोन वाक्यांच्या मध्ये चित्र बदलतं. म्हणून लांब भाषण तुकड्यांत घ्यावं आणि प्रत्येक तुकडा विषय बदलतो तिथे तोडावा, म्हणजे उजेडातला फरक खटकत नाही. आज अर्धं आणि उद्या अर्धं घ्यायचं असेल तर तास तोच धरावा आणि खुर्चीच्या पायांशी खडूने खुणा कराव्यात.

सूर्य मावळल्यावर खिडकीचा उपयोग संपतो, तत्त्वाचा नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. उघड्या अंगणात वरून उतरणारा आभाळाचा उजेड हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर सोडले आणि कापडावरून परतलेला उजेड वापरला. घरी हेच लहान प्रमाणात जमतं. खिडकी बंद करून तिच्यावर पांढरी चादर लावायची आणि एक प्रखर एलईडी दिवा आपल्याकडे न वळवता त्या चादरीवर मारायचा. खुर्ची, फोन, तक्ता जागच्या जागी. उजेड दिवसापेक्षा बराच कमी मिळेल, म्हणून खुर्ची चादरीच्या आणखी फूटभर जवळ घ्यावी. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये प्रो व्हिडिओची सोय असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवावं; नसेल तर दिवा बदलावा. कोणता दिवा लुकलुकतो हे ओळखायला दहा सेकंदांची चाचणी पुरते. ती पाहताना चेहऱ्याकडे बघू नये, मागच्या साध्या भिंतीकडे बघावं. पट्टे आधी तिथे दिसतात.