भांडं किती स्वच्छ? निळ्या रंगाला विचारा

अकरावी-बारावीच्या प्रकल्पांत एक प्रयोग हमखास दिसतो. दाराच्या कडीवर, मोबाइलवर किंवा शौचालयाच्या नळावर कापसाचा बोळा फिरवायचा, तो अगारच्या ताटलीवर ओढायचा आणि दोन दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे. फोटो छान येतात, परीक्षकही खूश होतात. तरीही हा प्रयोग ज्युनियर कॉलेजात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बोळ्यावर कोणते जंतू आले हे कुणालाच ठाऊक नसतं. त्वचेवर तुरळक असताना त्रास न देणारा स्टॅफिलोकॉकससारखा जीवाणू अगारवर वाढला, की एकेका ठिपक्यात लाखोंच्या संख्येनं असतो. त्यात ताटल्या 37 अंश सेल्सियसला ठेवल्या, तर माणसाच्या शरीरात सुखानं राहणाऱ्या जंतूंनाच आपण खतपाणी घालतो. आणि ऑटोक्लेव्ह नसेल, तर त्या ताटल्या शेवटी जातात कुठे? कचऱ्याच्या डब्यात.

स्वच्छतेचा प्रश्न ताटली न वापरताही विचारता येतो, आणि त्याचं उत्तर आकड्यात मिळतं. दुग्धव्यवसायात त्यासाठी एक जुनी चाचणी आहे. दुधात मिथिलिन ब्लू हा रंग मिसळायचा आणि निळेपणा जायला किती वेळ लागतो ते बघायचं. दुधातले जीवाणू श्वसन करताना त्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन संपला की त्यांच्याकडून येणारे इलेक्ट्रॉन रंगाच्या रेणूंवर जातात आणि निळा रंग रंगहीन होतो. जीवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. कच्च्या दुधासाठी ढोबळ निकष असा: पाच तास किंवा जास्त निळं राहिलं तर उत्तम, तीन-चार तास राहिलं तर चांगलं, एक-दोन तासांत रंग गेला तर बेताचं आणि अर्ध्या तासाच्या आत गेला तर खराब.

प्रकल्पासाठी मात्र कच्चं दूध घेऊ नका. पाश्चरायझेशन झालेलं, ताजं पिशवीचं दूध घ्या आणि प्रश्न दुधाबद्दल न विचारता भांड्याबद्दल विचारा. आदल्या दिवशी एकसारखी तीन स्टीलची पातेली घ्यायची आणि तिन्हींत थोडा वेळ दूध ठेवून ती रिकामी करायची. पहिलं फक्त पाण्यानं विसळून, झाकण लावून, ओलंच ठेवायचं. दुसरं साबणानं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, पालथं घालून कोरडं करायचं. तिसरं तसंच घासायचं आणि सकाळी वापरण्याआधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी ओतून टाकायचं. मग एकाच पिशवीतलं दूध तिन्ही पातेल्यांत सारखं ओतायचं आणि झाकून चार तास एकाच जागी ठेवायचं. हे चार तास महत्त्वाचे आहेत. पाश्चराइज्ड दुधात जीवाणू इतके कमी असतात, की लगेच चाचणी लावली तर नळ्या दिवसभर निळ्याच राहतील आणि भांड्यांमधला फरक कळणारच नाही.

मिथिलिन ब्लूचं एक टक्का जलीय द्रावण प्रयोगशाळेत असतं. त्यातलं अर्धा मिलिलिटर 100 मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घातलं, की चाचणीचं द्रावण तयार. परीक्षानळ्या आणि बुचं आधी उकळून घ्यायची. प्रत्येक पातेल्यातलं दूध सावकाश ढवळून प्रत्येकी तीन नळ्यांत 10 मिलिलिटर दूध आणि 1 मिलिलिटर द्रावण घालायचं. द्रव मोजायला रबरी फुगा लावलेली पिपेट किंवा सुई नसलेली सिरिंज घ्यायची, तोंडानं ओढायचं नाही. बूच लावून नळी एक-दोनदा हळूच उलटी करायची. जोरानं हलवली तर हवा मिसळते, दुधात ऑक्सिजन वाढतो आणि वेळ खोटाच लांबतो.

आणखी दोन नळ्या लागतात. एकीत उकळून गार केलेलं दूध आणि रंग असतो. ती शेवटपर्यंत निळी राहायला हवी. ती पांढरी पडली, तर नळ्या नीट उकळल्या नव्हत्या किंवा रंगात गडबड आहे असं समजून त्या दिवसाचा प्रयोग बाद धरायचा. दुसऱ्या नळीत उकळलेलं दूध असतं, पण रंगाऐवजी साधं पाणी. रंग पूर्ण गेला म्हणजे दूध कसं दिसतं, हे तिच्याशी ताडून बघायचं.

सगळ्या नळ्या 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये उभ्या करायच्या. पाण्याची पातळी दुधाच्या वर हवी आणि वर झाकण हवं, कारण उजेडानंही हा रंग फिका पडतो. खिडकीजवळच्या नळ्या आधी पांढऱ्या झाल्या, तर संशय भांड्यावर नाही, उन्हावर घ्यावा. दर अर्ध्या तासानं बघायचं आणि ज्यांचा रंग उडायला लागलेला नाही त्या नळ्या एकदा हळूच उलट्या करायच्या. असं केलं नाही तर साय वर चढताना जीवाणूही वर नेते आणि रंग खालीवर असमान उडतो. पृष्ठभागाजवळचा पाचेक मिलिमीटरचा निळा पट्टा बहुतेक वेळा राहतोच. तिथे हवेतला ऑक्सिजन मिळत राहतो. त्याखालचं दूध पांढरं झालं की ती वेळ लिहायची.

आता समजा, विसळलेल्या पातेल्याच्या तिन्ही नळ्या अडीच तासांत पांढऱ्या झाल्या, घासलेल्याच्या साडेचार तासांत आणि उकळत्या पाण्याच्या पाच तासांत. पहिला फरक दोन तासांचा आहे, त्यावर बोट ठेवता येईल. दुसरा फक्त अर्ध्या तासाचा. आपण बघतोच दर अर्ध्या तासानं, म्हणजे तो फरक निरीक्षणातल्या खिडकीएवढाच आहे. उकळत्या पाण्यानं फायदा झाला, असं त्यावरून लिहिता येणार नाही. प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करून फरक टिकला, तरच लिहावं. प्रकल्पाच्या वहीत मला हाच परिच्छेद सर्वांत आधी वाचायला आवडेल. मे महिन्यातल्या आकड्यांची डिसेंबरातल्या आकड्यांशी तुलनाही करू नये. पातेल्यातल्या त्या चार तासांत दोन ऋतूंतले जीवाणू सारख्या वेगानं वाढत नाहीत.

चाचणी काय सांगत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. दूध बराच वेळ निळं राहिलं म्हणजे ते निर्धोक असं नाही. आजार पसरवणारे जंतू मूठभर असले तरी पुरतात, आणि मूठभर जंतूंनी रंग उडत नाही. दुधात फॉर्मालिनची भेसळ असली किंवा गाईला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश उतरला असला, तर जीवाणू दबून राहतात आणि घाण दूधही छान निळं दिसतं. फ्रिजच्या थंडीत वाढणारे काही जीवाणू रंग सावकाश उडवतात, त्यामुळे जास्त दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या दुधाला चाचणी उगाच चांगले गुण देते.

नळीतही जीवाणू वाढतात, हे खरं आहे. पण ते पिशवीच्या दुधातले आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यातले असतात, बंद नळीत असतात आणि काही तासच वाढतात. एका जातीचा जंतू वेगळा काढून त्याचा ढीग आपण करत नाही. तरीही उरलेलं दूध पिऊ किंवा चाखू नये. वाचन संपलं की बूच सैल करून सगळ्या नळ्या वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवाव्यात, मगच दूध मोरीत ओतावं आणि हात साबणानं धुवावेत.

पातेल्यांचा प्रयोग जमला, तर पुढचा प्रश्न झाकणाच्या रबरी रिंगचा घ्यावा. डब्याची रिंग काढून धुतली आणि न काढता धुतली, तर नळीतला वेळ बदलतो का? खाचेत अडकलेलं दूध घासणीला सापडत नाही. म्हणून मला इथे पातेल्यांपेक्षा मोठा फरक दिसण्याची अपेक्षा आहे.