रीच, इम्प्रेशन्स की एंगेजमेंट रेट? मॅनेजमेंटला रिपोर्ट देताना कोणता आकडा धरायचा

महिनाअखेर आली की छोट्या कंपनीत सोशल मीडिया सांभाळणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "या महिन्यात आपण किती लोकांपर्यंत पोचलो?" प्रश्न साधा आहे, पण स्क्रीनवर त्याची तीन-चार वेगवेगळी उत्तरं दिसतात. मग त्यातलं सगळ्यात मोठं उत्तर रिपोर्टमध्ये टाकावंसं वाटतं. मालक खूश होतात आणि त्याच आकड्यावर पुढचा खर्च ठरवतात. गडबड इथेच होते.

म्हणून आज दोनच गोष्टी नीट समजून घेऊ. रीचची बेरीज का करायची नाही, आणि एंगेजमेंट रेट कशाने भागलाय ते लिहिल्याशिवाय का द्यायचा नाही.

रीच म्हणजे माणसं, इम्प्रेशन्स म्हणजे फेऱ्या

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोचं उदाहरण घ्या. तुम्ही सकाळी अंधेरीला गेटमधून आत गेलात आणि संध्याकाळी परत येताना घाटकोपरच्या गेटमधून आत आलात. गेटवर दोन एन्ट्री पडल्या, पण माणूस एकच. एन्ट्री म्हणजे इम्प्रेशन्स आणि माणूस म्हणजे रीच.

आता सोमवार ते शुक्रवार बघा. रोज मोजलं तर तुम्ही दररोज "एक माणूस". पाच दिवसांची बेरीज केली तर पाच माणसं झाली. प्रत्यक्षात तुम्ही एकटेच आहात! फेऱ्यांची बेरीज चालते, कारण प्रत्येक फेरी वेगळी असते. माणसांची बेरीज चालत नाही, कारण तोच माणूस उद्या पुन्हा येतो.

हे वाचायला सोपं वाटतं, पण खुद्द फेसबुककडून हीच चूक झाली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की पेजच्या डॅशबोर्डवर ७ दिवसांचा आणि २८ दिवसांचा ऑरगॅनिक रीच दाखवताना रोजच्या रीचची नुसती बेरीज होत होती. पुन्हा पुन्हा येणारे लोक वगळलेच जात नव्हते. दुरुस्तीनंतर ७ दिवसांचा आकडा सरासरी ३३ टक्क्यांनी आणि २८ दिवसांचा ५५ टक्क्यांनी कमी येईल, असंही कंपनीने सांगितलं. काळ जितका मोठा, तितकी फूग जास्त, हे लक्षात घ्या. आज डॅशबोर्ड ही बेरीज करत नाही. पण एक्सेलमध्ये चार आठवड्यांचे रीच एकाखाली एक लिहून `SUM` लावलं, की तीच चूक आपण आपल्या हाताने करतो.

फराळवाल्यांचा हिशोब

समजा, बोरिवलीत दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे आणि यंदा मुलुंडला दुसरं दुकान उघडलंय. आकडे समजण्यासाठी घेतलेत. दिवाळीआधीच्या चार आठवड्यांचा इन्स्टाग्रामवरचा रीच अनुक्रमे ४,०००, ५,०००, ६,५०० आणि ६,००० आहे. बेरीज केली तर २१,५००. पण त्याच २८ दिवसांची तारीख एकत्र निवडून `Accounts reached` बघितलं, तर तिथे ११,२०० दिसतं.

मालकांचा अंदाज असा, की शंभर लोकांनी बघितलं तर दोघं ऑर्डर देतात. २१,५०० धरले तर ४३० बॉक्सची तयारी करावी लागेल. ११,२०० धरले तर २२४. मधला फरक २०६ बॉक्सचा आहे. भाऊबीज झाल्यावर उरलेल्या चकल्या आणि अनारसे कोण घेणार? रिपोर्टमधली एक चुकीची बेरीज सरळ बेसन, तूप आणि मजुरीवर जाऊन पडते.

समोर आलेला आकडा बरोबर आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. महिन्याचा खरा रीच नेहमी दोन टोकांच्या मध्ये असतो. तो सगळ्यात मोठ्या आठवड्यापेक्षा कमी नसतो आणि सगळ्या आठवड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसतो. आपल्या उदाहरणात ही टोकं ६,५०० आणि २१,५०० आहेत. रिपोर्टमधला आकडा बरोबर वरच्या टोकावर बसला, तर समजायचं की कुणीतरी बेरीज केलीय. एकही माणूस चार आठवड्यांत दुसऱ्यांदा आला नाही, असं चालू पेजवर होत नाही.

हाच नियम बूस्टलाही लागू होतो. ज्याला पैसे देऊन पोस्ट दाखवली, त्याच माणसाला ती एरवीही दिसलेली असू शकते. त्यामुळे पेड रीच आणि ऑरगॅनिक रीच वेगवेगळे दाखवा, पण बेरीज करून "एकूण लोक" म्हणू नका. तसंच फेसबुकचा रीच आणि इन्स्टाग्रामचा रीच मिळवू नका. तुमचं अर्धं गिऱ्हाईक दोन्हीकडे असतं.

आणि रीच तरी अगदी पक्का असतो का? तर तोही अंदाजच आहे. तिथे मोजली जातात अकाउंट्स. एकाच माणसाची दोन अकाउंट्स असतात, आणि एकाच मोबाइलवर घरातले तिघं बघतात. म्हणून "११,२०० लोक" लिहिण्यापेक्षा "सुमारे ११,२०० अकाउंट्स" लिहा. ११,२०० चे पुढच्या महिन्यात ११,५०० झाले, तर त्याला वाढ म्हणून मिरवू नका.

इम्प्रेशन्स गेले कुठे?

काही जण विचारतात, "सर, इन्स्टाग्रामवर इम्प्रेशन्स दिसतच नाहीत." बरोबर आहे. २०२४ पासून इन्स्टाग्रामने `Views` हाच मुख्य आकडा केला आणि इम्प्रेशन्स हळूहळू बाजूला पडले. व्ह्यूजमध्ये एकाच माणसाने पुन्हा पुन्हा बघितलेलंही धरलं जातं, म्हणजे स्वभावाने हा आकडा फेऱ्यांचाच आहे. पण जुने इम्प्रेशन्स आणि नवे व्ह्यूज यांची मोजणी एकसारखी नाही. म्हणून २०२३ चे इम्प्रेशन्स आणि आताचे व्ह्यूज एका तक्त्यात शेजारी ठेवून "इतके टक्के वाढ" लिहिणं चूक आहे.

यूट्यूबवरही असंच झालं. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झालं किंवा पुन्हा वाजलं, की एक व्ह्यू धरला जातो. किती सेकंद बघितलं याची अट राहिली नाही. जुन्या पद्धतीचा आकडा आता `Engaged views` या नावाने वेगळा मिळतो. त्या तारखेच्या आसपास तुमच्या आलेखात अचानक उडी दिसली, तर ती तुमच्या कंटेंटमुळे आली असं मॅनेजमेंटला सांगण्याआधी हे आठवा.

मग फेऱ्यांच्या आकड्याचा उपयोग काय? तो रीचने भागा. आपल्या फराळवाल्यांना २८ दिवसांत ४८,००० व्ह्यूज मिळाले. ४८,००० भागिले ११,२०० म्हणजे एका अकाउंटमागे साधारण ४.३ वेळा. पुढच्या महिन्यात व्ह्यूज वाढले पण रीच तिथेच राहिला, तर नवे लोक मिळाले नाहीत, जुन्यांनाच जास्त वेळा दाखवलं गेलं. मालकांना ही माहिती नुसत्या ४८,००० पेक्षा जास्त उपयोगी पडते.

एंगेजमेंट रेट: खाली काय लिहिलंय?

लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह या सगळ्यांची बेरीज म्हणजे इंटरॅक्शन्स. ती कशानेतरी भागली की एंगेजमेंट रेट मिळतो. "कशाने" हेच कुणी सांगत नाही. फराळवाल्यांच्या दोन पोस्ट बघू. पेजचे फॉलोअर्स आहेत २,७००.

पहिली आहे "कमेंट करा आणि फराळ जिंका" अशी रील. रीच ६,०००, व्ह्यूज १५,०००, इंटरॅक्शन्स ५४०. दुसरी दरपत्रकाची साधी पोस्ट, खाली ऑर्डरची शेवटची तारीख. रीच १,५००, व्ह्यूज २,०००, इंटरॅक्शन्स ९०.

फॉलोअर्सने भागलं तर रीलचा रेट २० टक्के आणि दरपत्रकाचा ३.३ टक्के. रीचने भागलं तर ९ आणि ६ टक्के. व्ह्यूजने भागलं तर ३.६ आणि ४.५ टक्के, म्हणजे चक्क दरपत्रकच पुढे! पोस्ट त्याच, लाइक्स तेच, फक्त भागाकार बदलला आणि विजेता बदलला. त्यामुळे एखादी एजन्सी येऊन "आमचा एंगेजमेंट रेट २० टक्के" म्हणाली, तर पहिला प्रश्न विचारायचा: कशाने भागलंत?

मी रीचने भागायला सांगतो. पोस्ट ज्यांच्यासमोर गेली, त्यांच्या मानाने प्रतिसाद किती आला, हे त्यातून कळतं. फॉलोअर्सने भागलं तर रील फॉलोअर्सच्या बाहेर गेली की रेट उगाच फुगतो.

```
एंगेजमेंट रेट = (इंटरॅक्शन्स ÷ त्या पोस्टचा रीच) × १००
```

पण रेट बरोबर काढला तरी तो सगळं सांगत नाही. रीलवरच्या ५४० मध्ये बहुतेक "मला हवं" अशा कमेंट असणार, कारण आपणच तसं करायला सांगितलं. दरपत्रकावरच्या ९० पैकी समजा ४० सेव्ह आणि २२ शेअर आहेत. दर सेव्ह करणारा माणूस पुन्हा उघडून बघणार आहे, आणि शेअर करणारी ताई तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहे. म्हणून एकूण रेटखाली सेव्ह आणि शेअर वेगळे लिहा.

रिपोर्ट एका पानाचा

आता मॅनेजमेंटसमोर काय ठेवायचं? सगळ्यात वर तुमच्या स्वतःच्या वहीतले आकडे: व्हॉट्सअ‍ॅपवर किती चौकशा आल्या, ऑर्डर किती झाल्या आणि कोणत्या दुकानातून. हे आकडे कुठलाही प्लॅटफॉर्म व्याख्या बदलून हलवू शकत नाही. "कुठून कळलं?" हे ऑर्डर घेतानाच विचारून लिहा. सगळ्यांना आठवतं असं नाही, म्हणून "आठवत नाही" हाही रकाना ठेवा, अंदाजाने इन्स्टाग्राम लिहू नका.

त्याखाली संपूर्ण कालावधीची तारीख निवडून स्क्रीनवरून जसाच्या तसा घेतलेला रीच. मग रीचने भागलेला एंगेजमेंट रेट, आणि शेजारी "रीचवर आधारित" हे दोन शब्द. व्ह्यूज सगळ्यात शेवटी, एका अकाउंटमागे किती वेळा या रूपात. दर महिन्याला स्क्रीनशॉट एकाच तारखेला काढा आणि ती तारीख पानाच्या तळाशी लिहा.

पहिल्या महिन्यात हा रिपोर्ट आधीच्यापेक्षा लहान दिसेल. २१,५०० च्या जागी ११,२०० बघून मालक विचारतील, "अर्धे लोक गेले कुठे?" तेव्हा त्यांना मेट्रोचं गेट सांगा. लोक कुठेही गेलेले नाहीत, ते आधी दोनदा मोजले होते.