स्पोरोझोईटभोवतीचे प्रथिन आणि यकृतातील अडचण

हिवतापाचा डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेबरोबर प्लास्मोडियम या परोपजीवीची स्पोरोझोईट नावाची रूपे त्वचेत उतरतात. त्यांची संख्या फार नसते; बहुधा ती काही दशकांत मोजावी इतकीच असते, क्वचित शेकड्यांत जाते. त्यांतली काही रक्तवाहिनीत शिरतात आणि तेथून थोड्याच मिनिटांत यकृत गाठतात. तांबड्या पेशींत शिरण्यापूर्वीच्या या टप्प्यावर रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. लस द्यावयाची ती याच टप्प्यावर, हा विचार त्यामुळे स्वाभाविक वाटतो.

त्या विचाराला आधार मिळाला तो १९६७ साली. रूथ नुसेनझ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी दुर्बल केलेले स्पोरोझोईट उंदरांना टोचले, तेव्हा त्या उंदरांना पुढे जिवंत स्पोरोझोईटांपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. अशा उंदरांच्या रक्तजलात स्पोरोझोईट ठेवले की त्यांच्या अंगाभोवती एक आवरण साचे व मागे शेपटीसारखे लोंबे. 'सर्कमस्पोरोझोईट' हे नाव या आविष्कारावरून पडले. लॅटिन उपसर्गाचा अर्थ आपल्या 'परि' या उपसर्गाचाच आहे, आणि ज्या प्रथिनाला पुढे ते नाव मिळाले ते खरोखरच स्पोरोझोईटाला चोहोकडून वेढून असते.

या प्रथिनाच्या मधल्या भागात अॅस्परजीन, अॅलानीन, अॅस्परजीन, प्रोलीन ही चार अमिनो आम्लांची साखळी सुमारे चाळीस वेळा पुन्हा पुन्हा येते. भाषेत द्विरुक्तीने जोर येतो. येथे पुनरुक्तीने प्रतिपिंडांचे लक्ष वेधले जाते. तीच खूण एकापाशी एक अनेकदा असल्यामुळे प्रतिपिंड तेथे घट्ट बसतात, स्पोरोझोईटाची हालचाल रोखतात आणि पुष्कळांना त्वचेतच अडवतात. आरटीएस,एस या लशीत या पुनरुक्तीचा एक भाग व प्रथिनाचा शेवटचा भाग कावीळ-ब विषाणूच्या पृष्ठ-प्रथिनाला जोडलेला आहे. आर२१ लशीची रचना त्याच धर्तीची आहे. ऑक्सफर्डमध्ये ती विकसित झाली आणि तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन लशींची शिफारस अनुक्रमे २०२१ व २०२३ साली केली.

तरीही आरटीएस,एसच्या मोठ्या आफ्रिकी चाचणीत पाच ते सतरा महिन्यांच्या वयात लस सुरू झालेल्या बालकांत, चार मात्रांनंतर, सुमारे चार वर्षांत हिवतापाची प्रकरणे ३६ टक्क्यांनीच घटली. प्रतिपिंड तर भरपूर निर्माण झाले होते. मग उणीव कोठे राहते?

एक साधे गणित मांडू. एका दंशानंतर दहा स्पोरोझोईट यकृताकडे निघाले आणि त्यांतील प्रत्येकास अडविण्याची शक्यता ९९ टक्के आहे, असे समजा. दहाही अडण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ९० टक्के. असे दहा दंश झाले तर पूर्ण सुटकेची शक्यता ३७ टक्क्यांवर येते. आणि काळ लोटून प्रतिपिंड ओसरले व ती ९९ टक्के शक्यता ९० वर उतरली, तर एकाच दंशात सुटकेची शक्यता ३५ टक्के उरते. हे आकडे काल्पनिक आहेत. पण बहुतेकांना अडविणे येथे कामाचे नाही, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे. निसटलेला एकच स्पोरोझोईट यकृतपेशीत शिरून आठवड्याभरात हजारो मेरोझोईट निर्माण करतो. त्यांच्या पृष्ठावर हे प्रथिन नसते. त्यामुळे लशीचे प्रतिपिंड त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरतात, आणि रोग रक्तात आपल्या नेहमीच्या गतीने वाढतो. दंशांची संख्या जेथे मोठी, तेथे लशीचे यश कमी दिसावे हे यातूनच येते.

यकृतपेशीत शिरलेल्या परोपजीवीला प्रतिपिंड गाठू शकत नाहीत, कारण तो स्वतःभोवती एक पुटी करून पेशीच्या आत दडलेला असतो. तेथे काम करावयाचे ते मारक टी-पेशींनी. यकृतपेशी आपल्या पृष्ठावर आतील प्रथिनांचे तुकडे मांडते, आणि ते ओळखून टी-पेशी ती संपूर्ण पेशी नष्ट करते. परंतु यकृतात अब्जावधी पेशी असतात आणि बाधित पेशी मूठभर. शोध आठवड्याच्या आत पुरा व्हावा लागतो, नाहीतर पेशी फुटून मेरोझोईट बाहेर पडतात. रक्तातील थोड्या टी-पेशी संसर्गानंतर वाढण्यासच काही दिवस घेतात. म्हणून त्या आधीपासूनच यकृतात मोठ्या संख्येने वस्तीला असाव्या लागतात. किरणांनी दुर्बल केलेले स्पोरोझोईट यकृतपेशीत शिरतात, पण त्यांची वाढ पुरी होत नाही. त्यामुळे ते नेमका असाच पहारा उभा करतात. अर्थात त्यासाठी मोठ्या संख्येने जिवंत स्पोरोझोईट लागतात, आणि ते डासांच्या लाळग्रंथींतून काढून अतिशीत ठेवावे लागतात. एका प्रथिनाच्या लशीला ती अडचण नाही. पण तिचा भर प्रतिपिंडांवर असल्यामुळे तिचे बहुतेक काम परोपजीवी यकृतपेशीत शिरण्यापूर्वीच संपलेले असते.