भाषणातला तर्कदोष शोधायला लावताना

तर्कदोष ओळखण्याच्या तासाला रिचर्ड निक्सन यांचे 23 सप्टेंबर 1952 चे दूरचित्रवाणी भाषण फार उपयोगी पडते. उपाध्यक्षपदाच्या या उमेदवारावर आरोप होता की, समर्थकांनी जमवलेला सुमारे 18,000 डॉलरचा निधी त्यांनी गैर रीतीने वापरला.

‘यातले तर्कदोष सांगा’ असा प्रश्न टाकला की मुले पाठ केलेली नावे वाक्यांना चिकटवत सुटतात. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: आरोप नेमका काय होता? तो एका वाक्यात लिहा. मग ध्वनिमुद्रण थांबवत ऐकवावे आणि दर वेळी विचारावे, हे त्या आरोपाचे उत्तर आहे का?

निक्सन सांगतात, मुलींना भेट मिळालेला चेकर्स हा कुत्रा आम्ही परत करणार नाही. पण कुत्र्याबद्दल आरोप कोणी केलाच नव्हता! इथे मुद्द्याला बगल आहे, शिवाय भावनेला हात घातला आहे. दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत, मात्र कारण लिहिलेले असेल तरच गुण द्यावेत.

याच भाषणात ते हिशेब तपासनिसांचा अहवालही मांडतात. मुले त्यालाही ‘अधिकाराचा आधार’ म्हणून दोष ठरवतात. तो दोष नाही. पैशाच्या आरोपाला हिशेबाचाच पुरावा लागतो. तो पुरेसा आहे का, हा प्रश्न वेगळा.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत ‘दोष नसलेला एक युक्तिवाद दाखवा’ हा प्रश्न जरूर घाला.