धाकट्या मुळाचा मान पहिला

बहुपदीचे एक मूळ संगणकाने शोधून काढले की पुढचे काम सोपे वाटते. त्या मुळाने बहुपदीला भागायचे, कोटी एकाने उतरते, आणि उरलेल्या लहान बहुपदीतून पुढचे मूळ शोधायचे. भागाकारही शाळेतलाच, संश्लेषक पद्धतीचा. अडचण एकच: संगणकाच्या हाती आलेले मूळ जवळजवळ बरोबर असते, पूर्ण बरोबर क्वचितच.

x³ − १११x² + १११०x − १००० ही बहुपदी घेऊ. तिची मुळे १, १० आणि १००. समजा आधी मोठे मूळ सापडले, पण १०० ऐवजी १००.०१. चूक दहा हजारांत एक. कोणीही खपवून घेईल. भागाकार केला की हाती येते x² − १०.९९x + १०.८९०१. खरे उत्तर x² − ११x + १० आहे. शेवटच्या पदात जवळपास ०.९ चा फरक पडला, कारण संश्लेषक भागाकारात प्रत्येक पायरीला मुळाने गुणावे लागते आणि आधीची ०.०१ ची चूकही त्याबरोबर शंभरपट होते. या वर्गबहुपदीची मुळे निघतात ९.८९ आणि १.१०. धाकट्या मुळात दहा टक्के चूक!

याची चाहूल बाकीत लागते. भागाकाराची बाकी शून्य यायला हवी होती, ती आली ८९. रिवाजाप्रमाणे ती टाकून दिली जाते, आणि नेमके तिथेच फसायला होते.

आता क्रम उलटा करू. आधी धाकटे मूळ, तेवढ्याच प्रमाणात चुकलेले: १.०००१. बाकी फक्त ०.०९ येते आणि उरलेली मुळे ९.९९९९ व १००.०००० अशी निघतात. गुणक एकाच्या आसपास असल्याने चुकीला फुगायला वावच मिळाला नाही.

मोठेच मूळ आधी सापडले तर भागाकार उलट्या टोकाने, म्हणजे अचर पदापासून सुरू करता येतो. मग प्रत्येक पायरीला शंभराने गुणण्याऐवजी भागावे लागते आणि त्याच १००.०१ मधून १.०००० आणि ९.९९९९ ही मुळे मिळतात. ब्रिटिश गणिती जेम्स विल्किन्सन यांनी या चुकांचा बारकाईने अभ्यास केला. १९७० साली जेन्किन्स आणि ट्रॉब यांनी मांडलेली प्रसिद्ध पद्धतही साधारणपणे लहान मुळांपासून सुरुवात करते.

तरीही भागाकारातून आलेल्या मुळाला अंतिम मानत नाहीत. ते मूळ बहुपदीत घालून न्यूटनच्या पद्धतीने घासून घेतात. वरचे बिघडलेले १.१०१३ एका फेरीत ०.९९८७ वर येते, दुसऱ्या फेरीत चार दशांश स्थळांपर्यंत १.०००० होते. दोन मुळे अगदी शेजारी असतील तेव्हा मात्र सावध राहावे लागते, कारण घासता घासता दुसरे मूळ घसरून पहिल्यावरच जाऊन बसते आणि यादीत एकच मूळ दोनदा नोंदले जाते.