तुम्ही झिजलं की तू होतं

१० नोव्हेंबर २००७. चिलीची राजधानी सांतियागो. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांची शिखर परिषद चालली होती. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेस यांनी स्पेनचे माजी पंतप्रधान आस्नार यांना फॅसिस्ट म्हटलं होतं. त्यावर स्पेनचे तेव्हाचे पंतप्रधान सापातेरो उत्तर द्यायला लागले, तर चावेस त्यांना बोलूच देईनात. शेजारी बसलेले स्पेनचे राजे हुआन कार्लोस पुढे वाकले आणि म्हणाले, ‘पोर के नो ते काय्यास?’

म्हणजे, ‘गप्प का बसत नाहीस?’ थोड्याच दिवसांत हे वाक्य मोबाइलची रिंगटोन होऊन स्पेनभर वाजत होतं.

इंग्रजीत अनुवाद केला की यातली ठिणगी निम्मी विझते. मराठीत ती शाबूत राहते, कारण ‘बसत नाहीस’ आणि ‘बसत नाही’ यांतलं अंतर आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. राजांनी एका राष्ट्राध्यक्षाला, भर सभेत, अरे-तुरे केलं होतं. आदर ठेवायचा असता तर ‘नो ते काय्यास’ऐवजी ‘नो से काय्या’ झालं असतं. आता स्पेनच्या राजघराण्यात समोर कोणीही असो, त्याला ‘तू’च म्हणायची जुनी रीत आहे आणि स्पेनमध्ये एरवीही हल्ली ‘तू’ सढळ हाताने वापरतात. त्यामुळे माद्रिदच्या माणसाला यात राग दिसला, तरी ‘तू’ खटकलाच असेल असं नाही. पण जिथे तीनशे वर्षं त्याच गादीचं राज्य होतं, तिथल्या कानाला तोच ‘तू’ वेगळा लागू शकतो.

एका माणसाशी बोलायला स्पॅनिशमध्ये तीन शब्द आहेत: तू, उस्तेद आणि वोस. पहिला अर्थाने आपलाच ‘तू’, उच्चारानेही जवळजवळ तोच, आणि दूरच्या नात्याने भाऊसुद्धा. पण बाकीच्या दोघांना ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असं बिल्ला लावून मोकळं होता येत नाही. कोणता शब्द कुठे चालतो हे पाठ करण्यापेक्षा तो तिथवर कसा पोचला हे पाहिलेलं बरं. ती गोष्ट मराठी माणसाला तर फारच लवकर कळावी.

मध्ययुगात स्पॅनिशची व्यवस्था जवळपास आपल्यासारखी होती. जवळच्याला वा खालच्याला तू. अनेकांना वोस, आणि एकाच माणसाला मान द्यायचा तरी वोसच. म्हणजे थेट आपला ‘तुम्ही’: अर्थाने एक, क्रियापदाने अनेक. पण मान देणारा शब्द नाण्यासारखा असतो, हातोहात फिरला की झिजतो. सोळाव्या शतकापर्यंत ‘वोस’ इतक्या लोकांना म्हणून झालं होतं, की खऱ्या मोठ्या माणसाला ते कमीपणाचं वाटू लागलं. दोन किहोते एरवी सांचोला तू म्हणतो आणि रागावला की वोस, ते वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. इथला वोस आदराचा नाही, अंतराचा आहे. आपल्याकडे आई चिडली की ‘या महाराज, बसा’ म्हणते, तसाच.

मग मोठ्यांसाठी नवा शब्द आला: वुएस्त्रा मेर्सेद, म्हणजे ‘आपली कृपा’. माणसाशी न बोलता त्याच्या कृपेशी बोलायचं, ‘सरकारांची काय मर्जी आहे?’ या थाटात. कृपा ही तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी. बोलता बोलता ‘वुएस्त्रा मेर्सेद’ घासत घासत ‘उस्तेद’ झालं, पण क्रियापद तिथेच राहिलं. म्हणून आजही बँकेतल्या कारकुनाला ‘तुम्ही उद्या येऊ शकाल का?’ विचारताना स्पॅनिशमध्ये अक्षरशः ‘ते उद्या येऊ शकतात का?’ असं विचारलं जातं.

आता प्रश्न उरला झिजलेल्या वोसचा. स्पेनमध्ये एका माणसासाठी ते मागे पडलं आणि तूने जागा घेतली. अनेकांसाठी मात्र त्याला शेपूट जोडून ‘वोसोत्रोस’ झालं, म्हणजे मुळात ‘तुम्ही इतर लोक’. अमेरिकेत जे घडलं ते ठिकाणावर अवलंबून होतं. मेक्सिको आणि लिमा ही व्हाइसरॉयच्या दरबाराची शहरं. तिथे आणि कॅरिबियन बंदरांत स्पेनची नवी फॅशन जहाजातून उतरत राहिली, म्हणून तिथे तू रुजला. बुएनोस आइरेस किंवा मध्य अमेरिका या तेव्हाच्या आडबाजूच्या वसाहती. तिथे वोस टिकलं, पण ‘तुम्ही’ म्हणून नाही. झिजून झिजून ते ‘तू’ झालं होतं.

व्याकरणात याचा खूणचिठ्ठीसारखा पुरावा राहिला आहे. ‘तुझ्याकडे आहे’ला माद्रिदचा माणूस ‘तिएनेस’ म्हणतो, बुएनोस आइरेसचा ‘तेनेस’, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. ‘ये’ला तिकडे ‘वेन’, इकडे ‘वेनी’. ही तेनेस-वेनी रूपं जुन्या अनेकवचनाची आहेत. पण ‘तुझं’, ‘तुला’ म्हणताना अर्जेंटिनाचा माणूस तूचेच शब्द वापरतो. मराठीत सांगायचं तर ‘तुझं दप्तर घेऊन या’ असं तिथे प्रत्येक आई पोराला म्हणते, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही.

शाळेला मात्र वाटत होतं. कित्येक दशकं अर्जेंटिनातली मुलं पुस्तकातून तू शिकायची आणि मधल्या सुट्टीत वोस बोलायची. चिलीत स्थायिक झालेले व्याकरणकार आंद्रेस बेय्यो तर वोसच्या हात धुऊन मागे लागले होते. १९४१ साली आमेरिको कास्त्रो या स्पॅनिश विद्वानाने बुएनोस आइरेसची भाषा कशी बिघडली आहे यावर पुस्तकच लिहिलं, आणि बोर्गेसने त्याची यथेच्छ टिंगल केली. तिथल्या भाषा-अकादमीने वोस हे सुशिक्षितांचं प्रमाण रूप म्हणून मान्य केलं ते १९८२ साली. तोवर टँगोची गाणी आणि माफाल्दा ही चित्रकथेतली चिमुरडी कधीच वोसमध्ये बोलून मोकळी झाली होती.

आता एकच साधं वाक्य घेऊ: ‘उद्या येऊ शकशील का?’ माद्रिदमध्ये मैत्रिणीला: ‘पुएदेस वेनीर मान्याना?’ बुएनोस आइरेसमध्ये तिलाच: ‘पोदेस वेनीर?’ अनोळखी वयस्क गृहस्थांना दोन्हीकडे: ‘पुएदे वेनीर?’ सर्वनाम यात कुठेच नाही. मराठीतही ‘उद्या येशील का?’ म्हणताना आपण ‘तू’ गाळतोच. त्यामुळे समोरचा आपल्याला काय म्हणतो आहे हे ओळखायचं तर सर्वनामाची वाट पाहू नये, क्रियापदाच्या शेवटाकडे कान ठेवावा. शेवटी ‘स’ आला तर तू किंवा वोस, नाही आला तर उस्तेद. आज्ञार्थात आणि भूतकाळात हा नियम हुलकावणी देतो, पण पहिल्या दोन-तीन वाक्यांना पुरतो. काही भागांत बोलीत शेवटचा ‘स’ गिळतात, तिथे मात्र फजिती होते.

मित्रमैत्रिणींच्या टोळक्याला हेच विचारायचं तर माद्रिदमध्ये ‘पोदेइस?’, हे वोसोत्रोसचं रूप. अटलांटिक ओलांडला की वोसोत्रोस संपतं. तिथे बालवाडीतल्या पोरांनाही ‘उस्तेदेस’च आणि मंत्रिमंडळालाही तेच. कॅनरी बेटांवर बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा. माझ्या ओळखीच्या एका पुणेकर मुलीने स्पेनच्या पुस्तकावरून शिकून मेक्सिकोतल्या ग्राहकांना पहिली ईमेल पाठवली, ती वोसोत्रोसमध्ये. त्यांना अर्थ कळला, उत्तरही आलं. पण लॅटिन अमेरिकेत हा शब्द कानावर पडतो तो बायबलमधून, प्रवचनातून नाही तर जुन्या देशभक्तीपर भाषणातून. तिने सुट्या भागांची किंमत कळवली होती, ती त्यांनी थोडीफार ‘हे जनहो’ अशा सुरात वाचली असणार. मेक्सिकोला लिहिताना अनेकांना उस्तेदेस, एवढं एक बदललं असतं तर काम भागलं असतं.

इथवर वाटेल की उस्तेद तरी आपलं भरवशाचं आदरार्थी आहे. बहुतेक ठिकाणी आहेही. अनोळखी जागी उस्तेदने सुरुवात करावी आणि समोरच्याने ‘मला तू म्हण’ म्हटलं की खाली उतरावं, ही शिकवण खोटी नाही. पण बोगोतात गेलं की ती डळमळते.

कोलंबियाच्या या राजधानीत पोलिसाला उस्तेद म्हणतात हे ठीक. पण सख्खा भाऊ भावाला उस्तेद म्हणतो, शाळूसोबती शाळूसोबत्याला शिव्यासुद्धा उस्तेदमध्येच घालतो, आणि कित्येक जुन्या घरांत नवराबायको एकमेकांना उस्तेदच म्हणतात. म्हणजे हा शब्द सर्वांत लांबच्यासाठी आणि सर्वांत जवळच्यासाठी, आणि तू मधल्यांसाठी: ऑफिसातली सहकारी, मैत्रिणीची मैत्रीण, नुकतीच ओळख झालेली मुलगी. तरुण पिढीत हे बदलतं आहे. तरी जुन्या वळणाच्या दोन पुरुषांत एकाने दुसऱ्याला गोडसं ‘तू’ म्हटलं तर भुवई वर जाऊ शकते. माद्रिदहून आलेला माणूस मैत्रीने ‘तू’ म्हणतो आणि बोगोतेकराला तो लाडात आल्यासारखा वाटतो. बोगोतेकर मैत्रीने ‘उस्तेद’ म्हणतो आणि माद्रिदच्याला वाटतं, आपलं काही चुकलं का? दोघंही आपापल्या परीने प्रेमाने बोलत असतात. त्याच देशात मेदेयीनला गेलात तर मित्रांत पुन्हा वोस ऐकू येईल. आणि कोस्टा रिकात दोन वर्षांच्या पोराला आणि घरच्या कुत्र्यालाही उस्तेद म्हणणारे भरपूर आहेत. कुत्र्याला ‘आपण जरा बाजूला बसा’ म्हणण्यात तिथे विनोद नसतो.

बोगोताच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात, विशेषतः बोयाका भागात, अजून एक शब्द आहे: सुमेर्से. तोही ‘सु मेर्सेद’, म्हणजे ‘यांची कृपा’, म्हणजे पुन्हा तेच जुनं सरकारी मखर. एकेकाळी नोकर मालकाला तसं म्हणत. आज बाजारात बटाटे विकणारी बाई गिऱ्हाइकाला म्हणते, ‘सुमेर्से, काय देऊ?’ आणि तीच घरी गेल्यावर ताटावर पेंगणाऱ्या नातवाला म्हणते, सुमेर्से, सूप संपव.