साहेबांना एका नजरेत कळेल असा आलेख

समजा, कॅन्टीनबद्दल पाच विभागांना विचारलं आणि उत्तरं ‘अतिशय समाधानी’ ते ‘अतिशय असमाधानी’ अशा पाच पायऱ्यांत आली. बहुतेकजण एक्सेल उघडून पाच पाय चार्ट काढतात. मग साहेब एका वर्तुळातली फोड दुसऱ्यातल्या फोडीशी ताडत बसतात. कोनापेक्षा एकाच रेषेपासून मोजलेली लांबी डोळ्याला अचूक कळते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी हे दाखवलं.

म्हणून प्रत्येक विभागाला एक आडवी पट्टी द्या. मध्ये शून्याची उभी रेषा, नाराज डावीकडे, खूश उजवीकडे. लेखा विभागात ४५ टक्के नाराज आणि स्टोअरमध्ये १५ असतील, तर डावी बाजू सरळ तिप्पट दिसते. तटस्थ मंडळींना मात्र मध्यरेषेवर बसवू नका. त्यांच्यामुळे दोन्ही बाजू रेषेपासून सरकतात आणि तुलना बिघडते. त्यांचा वेगळा पट्टा उजव्या टोकाला बरा. पट्ट्या नाराजीच्या क्रमाने लावा, अकारविल्हे लावलेल्या यादीत वाईट विभाग मधेच दडतो.

एखाद्या विभागात आठच माणसं असतील तर नावाशेजारी ती संख्या लिहा. तिथे एकाचं मत बदललं की पट्टी साडेबारा टक्क्यांनी हलते.